पाडव्याच्या सकाळी गुढीमागची पाण्याची टाकी कशी काढायची

गुढीचा फोटो छान येतो, पण तिच्या मागे येते ती शेजाऱ्यांची काळी टाकी, डिशची छत्री, केबलच्या वायरी आणि दोरीवर वाळत घातलेला टॉवेल. बेळगावात शहापूर, वडगाव, अनगोळ, कुठल्याही गच्चीवर हीच तऱ्हा. हा पसारा काढून मागे येळ्ळूरचा राजहंसगड आणायचा आणि वर मराठीतून पाडव्याच्या व कन्नडमधून युगादीच्या शुभेच्छा घालायच्या, एवढंच काम इथे पायरी-पायरीने सांगतो. आमच्या गल्लीतली शुभेच्छाचित्रं माझ्याकडूनच होतात, त्यामुळे लोक कुठे अडतात ते बघून माहीत आहे.

एक गोष्ट आधीच डोक्यात ठेवा. बॅकग्राऊंड बदलायची म्हटलं की सगळे पहिल्यांदा खोडरबर शोधतात. खरं काम त्याच्या आधीच होतं: फोटो कसा काढला आणि मागे लावायला कुठला फोटो निवडला, यात. तिथे चुकलं तर पुढे दोन तास बोटाने घासूनही गुढी कात्रीने कापून चिकटवल्यासारखीच दिसते.

## काय काय लागेल

- अँड्रॉइड फोन, साधाही चालेल
- गुढीचा फोटो आणि मागे लावायचा फोटो, दोन्ही स्वतः काढलेले
- फिकट आकाशी रंगाची एक साधी चादर आणि ती धरायला दोन पोरं
- प्ले स्टोअरवरची तीन मोफत ॲप्स: Background Eraser (हॅण्डीक्लोझेटचं), Snapseed आणि PixelLab
- दोन फॉन्ट: मराठीसाठी Baloo 2, कन्नडसाठी Baloo Tamma 2

Background Eraser नावाची ॲप्स पुष्कळ आहेत, म्हणून बनवणाऱ्याचं नाव बघूनच घ्या. फोटो कापायच्या ॲपने कॉन्टॅक्टची परवानगी मागितली तर ते लगेच काढून टाका. गुढी कापायला तुमच्या मामांचा नंबर कशाला हवा?

एका बटणात बॅकग्राऊंड काढून देणाऱ्याही सोयी आहेत. remove.bg फुकटात फक्त लहान आकाराचं चित्र देतं, Photoroom च्या मोफत प्रतीवर त्यांचा शिक्का येतो आणि Canva मध्ये बॅकग्राऊंड काढायचं बटण पैसे भरणाऱ्यांना आहे. माणसाच्या फोटोला या चालून जातात. गुढीला मात्र कडुलिंबाची पानं आणि गाठीमधल्या फटी असतात, आणि एका बटणाचं काम नेमकं तिथेच फसतं. शिवाय अशा साइटवर तुमचा फोटो त्यांच्या सर्व्हरवर जातो. घरातल्या बायका-मुलांचे फोटो असतील तर हा विचार आधी करा.

आयफोनवाल्यांसाठी थोडक्यात: आयओएस १६ पासून पुढच्या बहुतेक फोनवर फोटोतल्या वस्तूवर बोट दाबून धरलं की ती सुटी होते. गाठीच्या फटी मात्र तशाच भरलेल्या राहतात. बाकी फोटो काढण्याच्या आणि रंग जुळवण्याच्या गोष्टी सगळ्या फोनना सारख्याच.

## १. आदल्या दिवशी मागचा फोटो तयार करा

गुढी उभी राहते पाडव्याच्या सकाळी आणि शुभेच्छाही सकाळीच जायला हव्यात. म्हणून मागचा फोटो आणि अक्षरं आदल्या संध्याकाळी तयार ठेवा. सकाळी फक्त गुढी आत बसवायची.

मागचा फोटो निवडताना ऋतू बघा. पाडवा येतो मार्च-एप्रिलमध्ये. त्या वेळी आपल्याकडचं गवत वाळलेलं असतं, आकाश स्वच्छ किंवा जरा धुरकट असतं. जुलैतला धुक्यात बुडालेला हिरवागार राजहंसगड कितीही देखणा असला तरी चैत्रातल्या गुढीमागे तो खोटा वाटतो. गोकाकच्या धबधब्याचंही तेच. तो पाडव्याला तसा कोसळत नाही हे आपल्या जिल्ह्यातल्या शेंबड्या पोरालाही माहीत आहे. फोटो शक्यतो सकाळचाच घ्या, आणि वरचा निम्मा भाग नुसतं आकाश असेल असा घ्या. कारण पुढे कळेल.

गड, देऊळ, नदी यांचे फोटो नेटवरून उचलू नका. ते दुसऱ्याचे असतात, बऱ्याचदा त्यांवर फिकट शिक्काही असतो. निपाणी-चिकोडीकडच्यांनी आपलं शेत घ्यावं, खानापूरवाल्यांनी झाडी घ्यावी. ओळखीची जागा दिसली की लोक फोटो मोठा करून बघतात.

आता हा फोटो Snapseed मध्ये उघडा. Tools मध्ये Lens Blur आहे. आपण गुढीच्या जवळ उभे असतो आणि गड लांब असतो, म्हणून गड किंचित धूसर हवा. स्पष्ट भागाचं वर्तुळ ओढून खालच्या कडेला न्या आणि Blur Strength १५ ते २० ठेवा. त्याच ठिकाणी Vignette Strength आहे, तो शून्य करा, नाहीतर चारही कोपरे काळवंडतात. धूसरपणा याहून वाढवला तर गड ओळखू येत नाही आणि मग येळ्ळूरपर्यंत जाऊन फोटो काढलात कशाला?

## २. अक्षरं आदल्या दिवशीच बसवा

PixelLab मध्ये हा फोटो पार्श्वभूमी म्हणून घ्या. व्हॉट्सॲप स्टेटससाठी चित्राचा आकार १०८० बाय १९२० ठेवा. स्टेटसवर वरच्या बाजूला तुमचं नाव येतं आणि खाली उत्तराची जागा. म्हणून वर-खाली साधारण अडीचशे-अडीचशे पिक्सेल पट्टा मोकळा सोडा आणि अक्षरं मधल्या भागात घ्या.

फॉन्टसाठी fonts.google.com वर जाऊन Baloo 2 आणि Baloo Tamma 2 उतरवा, दोन्ही मोफत आहेत. ही एकाच घराण्यातली अक्षरं आहेत. मराठी ओळ एका वळणाची आणि कन्नड ओळ भलत्याच वळणाची, असं यात होत नाही. सीमाभागात दोन्ही ओळी घालायच्या असतात तेव्हा हा फार मोठा फायदा आहे. उतरलेली झिप फाइल उघडली की आत static नावाचं फोल्डर दिसतं. त्यातल्या BalooTamma2-Bold.ttf आणि Baloo2-Bold.ttf या दोन फाइली एका वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवा. बाहेर VariableFont नाव असलेली फाइल असते ती घेऊ नका, PixelLab मध्ये तिची जाडी बदलता येत नाही आणि अक्षर बारीकच येतं. मग PixelLab मध्ये अक्षरांच्या फॉन्ट यादीत My Fonts मध्ये जाऊन ते फोल्डर दाखवा.

फ्लेक्सवाल्याकडून आणलेले जुने फॉन्ट इथे वापरू नका. त्यांचा कीबोर्ड वेगळा असतो. फोनवर साधं मराठी टाईप करून तो फॉन्ट लावला की भलतीच चिन्हं येतात किंवा फॉन्ट लागतच नाही.

फॉन्ट नीट बसला का हे एका शब्दावरून कळतं: «हार्दिक». त्यातला रफार «दि»च्या वर बसला तर ठीक. «र»चा पाय मोडलेला सुटा दिसला तर फॉन्ट बदला. कन्नड ओळीत «युगादी हब्बद हार्दिक शुभाशयगळु» असं येतं. तिथे «हब्बद» बघा. दुसरा «ब» पहिल्याच्या खाली लहान होऊन लटकला पाहिजे. दोन «ब» शेजारी-शेजारी दिसले तर काहीतरी बिघडलंय. मराठी फॉन्टमध्ये कन्नड अक्षरंच नसतात, त्यामुळे दोन्ही ओळी एकाच मजकुरात न लिहिता दोन वेगळे मजकूर घ्या आणि प्रत्येकाला आपापला फॉन्ट लावा.

कन्नड ओळ मी कधीही स्वतःच्या भरवशावर पाठवत नाही. शेजारच्या अक्कांना फोन हातात देतो. त्या चष्मा लावून एकेक अक्षर वाचतात, मगच «सरी अदे» म्हणतात. मराठीतही «शुभेच्छा»चं «शुभेच्या» करून पाठवणारे कमी नाहीत, तेव्हा आपल्या ओळीवरही एकदा नजर टाका.

शके लिहिणार असाल तर हिशोब सोपा: पाडव्यापासून पुढे इंग्रजी सालातून ७८ वजा. २०२६ च्या पाडव्याला शके १९४८ सुरू होतं, २०२७ च्या पाडव्याला १९४९. मागच्या वर्षीचं चित्र उघडून नुसती गुढी बदलणाऱ्यांचं शके हमखास जुनं राहतं.

एवढं झालं की PixelLab मध्ये हे चित्र प्रोजेक्ट म्हणून जतन करा. नुसतं इमेज म्हणून जतन केलं तर सकाळी अक्षरं हलवता येणार नाहीत.

## ३. सकाळी फोटो काढताना

उंच काठीवरची गुढी खाली उभं राहून टिपली की कॅमेरा वर तोंड करून असतो. कलश मोठा आणि जवळ, काठी निमुळती दिसते. मागे मात्र समोरून काढलेला गड. दोन्हीचे कोन जुळत नाहीत आणि बघणाऱ्याला कारण सांगता आलं नाही तरी खटकतं. म्हणून गच्चीवर किंवा जिन्याच्या वरच्या पायरीवर जाऊन गुढीच्या कलशाच्या उंचीवर फोन धरा.

आता चादर. रंग का महत्त्वाचा ते बघा. कडुलिंब हिरवा, झेंडू केशरी, गाठी पांढऱ्या नाहीतर गुलाबी, वस्त्र पिवळं किंवा हिरवं, कलश तांब्याचा. हिरवी चादर धरली तर ॲप कडुलिंबाची पानं खाऊन टाकतं. पांढरी धरली तर गाठी गायब. उरतो निळा. त्यातही गडद निळा नको, फिकट आकाशी घ्या. आपण मागे आकाशच लावणार आहोत. पानांच्या फटीत चादरीचा थोडा रंग राहून गेला तरी तो नव्या आकाशात मिसळतो आणि कुणाला दिसत नाही. मागच्या फोटोत वरचा निम्मा भाग आकाश घ्या म्हटलं ते याचसाठी.

चादर गुढीला चिकटवून धरायची नाही. चार-पाच फूट मागे धरायला सांगा. जवळ असली की घासलेल्या कलशाच्या कडेला तिची निळी झाक पडते, तिची सावलीही येते, आणि मग कापताना ॲप ती झाकही चादर समजून खातं. चादर ताठ धरा, चुण्या पडल्या की एकाच रंगाचे दहा रंग होतात.

फोनच्या पडद्यावर कलशावर बोट टेकवा आणि शेजारी दिसणारी उजेडाची पट्टी किंचित खाली ओढा. फोटो जरा काळसर आला तर नंतर उजळता येतो. पांढरट झालेल्या गाठींमधली नक्षी मात्र परत येत नाही. झूम करू नका, दोन पावलं पुढे जा. वारा असेल तर वस्त्र हलून कड पुसट येते, म्हणून पाच-सहा फोटो काढून सर्वात स्पष्ट कड असलेला निवडा.

काठीचा खालचा टोकापर्यंतचा भाग चित्रात घेऊ नका. गुढी जमिनीवर टेकलेली दाखवली की तिथे सावली लागते आणि ती फोनवर खरी वाटेल अशी करणं कटकटीचं आहे. काठी चित्राच्या खालच्या कडेतून वर आलेली दाखवली की हा प्रश्नच उरत नाही.

## ४. आधी रंग, मग कात्री

हा क्रम पाळा. कापलेला फोटो Snapseed मध्ये नेला की त्याचा पारदर्शक भाग टिकत नाही, सगळी मेहनत वाया. म्हणून कापायच्या आधीच रंग जुळवा.

पहिल्यांदा उजेडाची बाजू बघा. कलशावर चमक डावीकडे असेल तर ऊन डावीकडून आहे. गडाची तटबंदीही डावीकडूनच उजळलेली हवी. उलट असेल तर Snapseed च्या Rotate मधलं आरशाचं बटण दाबून गुढी उलटवा, गड उलटवू नका. उलटा राजहंसगड येळ्ळूरचा माणूस एका नजरेत ओळखेल, आणि फोटोत कुठे पाटी असेल तर ती अक्षरंही उलटी होतील.

मग Tune Image मध्ये Warmth. गडाचा फोटो सोनेरी सकाळचा आणि गुढी गच्चीच्या सावलीतली असेल तर गुढी निळसर, थंड दिसते. Warmth दहा-पंधराने वाढवा. Shadows थोड्या उघडा. त्याहून जास्त ओढलं तर चादरीचा निळाही बदलतो आणि कापताना त्रास होतो. दोन्ही फोटो गॅलरीत एकामागून एक सरकवून बघा. एक पिवळा आणि दुसरा निळा असं वाटेनासं झालं की थांबा.

## ५. गुढी कापणे

फोन एअरप्लेन मोडवर टाका. Background Eraser चं काम फोनवरच चालतं, नेट लागत नाही, आणि मधेच येणाऱ्या जाहिरातींचा ताप कमी होतो.

फोटो उघडला की आधी गुढीभोवती जवळून क्रॉप करा. मग Auto निवडा. या पद्धतीत बोट टेकवलं त्या रंगासारखा आसपासचा भाग उडतो. किती मिळताजुळता रंग उडवायचा ते Threshold ठरवतो. तो कमीवर ठेवून सुरुवात करा. चादरीच्या मोकळ्या भागात टेकवलं की बहुतेक चादर एका झटक्यात जाते. गुढीचा तुकडा उडाला तर मागे घ्यायचं बटण दाबा आणि Threshold अजून खाली आणा.

Cursor Offset वाढवून ठेवा. त्यामुळे खोडणारी खूण बोटाच्या थोडी वर येते आणि बोटाखाली काय चाललंय ते दिसतं.

आता गाठी. दोन बत्ताशांच्या मधे, आणि माळेच्या वेढ्याच्या आत, चादरीचे छोटे-छोटे निळे तुकडे अडकलेले असतात. बाहेरून उडवलं तरी ते आपोआप जात नाहीत, कारण ते चारही बाजूंनी बंद आहेत. मोठं करून प्रत्येकात एकदा बोट टेकवा. कंटाळवाणं आहे, पण पाच-सात मिनिटांचं काम. हेच तुकडे राहिले की चित्र बनावट दिसतं.

कडुलिंबाच्या डहाळीत इतकं बारीक जाऊ नका. मोठ्या फटी उडवा, पानांच्या दातेरी कडा सोडून द्या. वरचा आकाशी रंग तिथे सांभाळून घेतो. पान अर्धं उडालं असेल तर Repair घेऊन त्यावर बोट फिरवा, मूळ फोटो परत येतो. कलशाच्या कडेला खड्डा पडला असेल तर तोही असाच भरा. कलशाची गोलाई बिघडली की सगळ्यात आधी तीच डोळ्यात भरते.

Done दाबल्यावर कड किती मऊ करायची ते विचारतं. १ किंवा २ पुरे. शून्यावर कड करवतीसारखी येते, आणि जास्त केलं तर पानं लोकरीसारखी दिसतात. जतन केलेली फाइल PNG असते. तिला गॅलरीत एडिट करू नका, JPG करू नका.

## ६. जोडून बघा

PixelLab मधला कालचा प्रोजेक्ट उघडा. गुढी आत घेण्याआधी एक चाचणी: वेगळं कोरं चित्र घेऊन त्याची पार्श्वभूमी गडद लाल करा आणि त्यावर गुढी ठेवा. मग तीच पांढऱ्यावर ठेवा. लालवर निळी-पांढरी किनार दिसते, पांढऱ्यावर उरलेले काळपट डाग दिसतात. जिथे दिसेल तिथे परत जाऊन खोडा. आकाशावर ठेवलेली गुढी हे दोष लपवते. आपल्याला तेवढं चालतं, पण काठी आणि वस्त्राचा खालचा भाग गडाच्या तपकिरी दगडावर येतो, तिथे किनार लपत नाही.

मग प्रोजेक्टमध्ये गुढी गॅलरीतून घ्या आणि एका बाजूला ठेवा, मधोमध नको. कलश आणि कडुलिंब आकाशावर, वस्त्राचा शेवट गडाच्या बाजूला, काठी खालच्या कडेबाहेर. अक्षरं दुसऱ्या बाजूच्या आकाशात. गुढीचा फोटो मूळ आकारापेक्षा मोठा ओढू नका, गड तर धूसर आहेच, गुढीही पुसट झाली की हातात काहीच उरत नाही.

नेटवर «गुढी पीएनजी» शोधून मिळणाऱ्या तयार गुढ्यांबद्दल एक इशारा. पुष्कळ चित्रांत मागे राखाडी-पांढऱ्या चौकटी दिसतात आणि वाटतं की पार्श्वभूमी काढलेली आहे. उतरवून घेतल्यावर कळतं की चौकटी चित्रातच छापलेल्या आहेत.

## ७. पाठवताना

पूर्ण झालेलं चित्र JPG म्हणून जतन करा आणि व्हॉट्सॲपवर पाठवताना वरचं HD बटण दाबा. नाहीतर कन्नड अक्षरांच्या बारीक वळणांची माती होते. ग्रुपसाठी चौकोनी प्रत हवी असेल तर प्रोजेक्टचा आकार १०८० बाय १०८० करून अक्षरं पुन्हा जागेवर बसवा. उभं चित्र नुसतं कापलं तर बहुतेक वेळा कलश तरी जातो किंवा शके तरी.

कापलेली गुढी पुण्यातल्या भाच्याला हवी असेल तर ती फोटो म्हणून पाठवू नका. फोटो म्हणून गेलं की पारदर्शकपणा जातो आणि मागे सपाट रंग भरून येतो. Document निवडून PNG फाइल पाठवा.

दोन प्रती काढा, एक तुमच्या कुटुंबाच्या नावाची आणि एक बिननावाची. चित्र जमलं की गल्लीतल्या मंडळाचे अण्णा फोन करणारच, «जरा खाली आमचं नाव घाल की» म्हणून. मग नावांच्या मागोमाग गोल-गोल फोटोही येतात, आणि गड त्यांच्यामागे जातो. त्यांना बिननावाची प्रत द्या आणि PixelLab चं नाव सांगा.